स्पेक्ट्रोमीटर आणि प्रिझमचा कोन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात मी बी.एस्सी.ची भौतिकशास्त्राची प्रॅक्टिकल घेते. परीक्षा जवळ आली की संध्याकाळी मोबाइलवर जर्नलच्या पानांचे फोटो येऊ लागतात आणि त्यांतले बरेचसे एकाच प्रयोगाचे असतात: परावर्तनाच्या पद्धतीने प्रिझमचा कोन. तेच प्रश्न इथे सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली, तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. या प्रयोगात आपण नक्की काय मोजतो? दुर्बिणीतून प्रिझमचा कोन तर दिसत नाही.

कोन दिसत नाही, दिसते ती फटीची प्रतिमा. प्रिझमची धार कोलिमेटरकडे करून ठेवली की समांतर प्रकाशाचा झोत धारेवर दुभंगतो. अर्धा डाव्या पृष्ठभागावर पडून डावीकडे परततो, अर्धा उजव्या पृष्ठभागावरून उजवीकडे. दोन्ही पृष्ठभाग इथे नुसते आरशाचे काम करतात.

किरण डाव्या पृष्ठभागाशी α एवढा कोन करून आला, तर परावर्तनानंतर तो मूळ दिशेपासून 2α ने वळतो. उजवीकडे तसाच 2β ने वळतो. धारेशी α आणि β मिळून प्रिझमचा कोन A होतो, म्हणून दोन परावर्तित झोतांमधला कोन 2α + 2β, म्हणजे 2A येतो. दुर्बीण एका प्रतिमेवरून दुसऱ्या प्रतिमेवर नेताना जेवढी फिरते ते 2A, आणि त्याचे निम्मे म्हणजे आपले उत्तर.

या निम्म्यामुळे एक फायदा होतो. 2A मध्ये दोन मिनिटांची चूक झाली, तरी A मध्ये ती एकच मिनिट उरते.

२. लीस्ट काउंट कसा काढायचा? मैत्रिणीच्या जर्नलमध्ये १ मिनिट आहे आणि माझ्यात ३० सेकंद. कोणाचा बरोबर?

दोघींचाही बरोबर असू शकतो, कारण उपकरणे वेगवेगळी असतात. जर्नलमधून उतरवू नका, समोरच्या उपकरणावर मोजा.

आधी मुख्य वर्तुळाकार पट्टी पाहा. एका अंशात किती घरे आहेत ते मोजा. कॉलेजांमध्ये सर्रास दिसणाऱ्या उपकरणात अंशाची दोन घरे असतात, म्हणजे एक घर ३०'. मग व्हर्निअरवर एकूण घरे किती ते मोजा. ३० असतील तर लीस्ट काउंट ३०' ÷ ३० = १'. तेवढ्याच मुख्य घरावर व्हर्निअरची ६० घरे असतील तर ३०' ÷ ६० = अर्धे मिनिट, म्हणजे ३०". एका अंशाची तीन घरे आणि व्हर्निअरवर ६० घरे असलेले उपकरण हाती आले, तर २०' ÷ ६० = २०".

चूक होते ती मोजण्यात. घरे मोजायची, रेघा नाही. ३० घरांना ३१ रेघा असतात, आणि ३१ ने भागले की पुढचे सगळे बिघडते.

आपले मोजणे बरोबर आहे का, हे पाहण्याचा मार्ग उपकरणातच आहे. व्हर्निअरचे शून्य मुख्य पट्टीच्या कोणत्याही रेघेशी तंतोतंत जुळवा आणि मग व्हर्निअरची शेवटची रेघ कुठे जुळते ते पाहा. ३० घरांचा व्हर्निअर मुख्य पट्टीची २९ घरे व्यापतो. म्हणजे व्हर्निअरचे एक घर २९' आणि मुख्य घर ३०'. त्यांच्यातला फरक १', आणि लीस्ट काउंट म्हणजे हा फरकच. भागाकार करून तेच उत्तर लवकर मिळते, एवढेच.

३. मुख्य पट्टी वाचताना अर्धा अंश हमखास सुटतो. काय करू?

या प्रयोगातली सगळ्यांत जास्त घडणारी चूक हीच. पट्टीवर आकडे १०, २०, ३० असे दहा-दहा अंशांवर असतात, अंशाची रेघ लांब आणि अर्ध्या अंशाची आखूड. व्हर्निअरचे शून्य २९१ ची लांब रेघ आणि तिच्या पुढची आखूड रेघ ओलांडून गेलेले असते, पण डोळा २९१ वर थांबतो.

एक सवय लावून घ्या. भिंग धरून आधी फक्त व्हर्निअरचे शून्य शोधा आणि त्याच्या लगेच मागे असलेली रेघ लांब की आखूड, एवढेच स्वतःला विचारा. आखूड असेल तर वहीत आधी ३०' लिहा, मग अंश लिहा. क्रम उलटा केला की अर्धा अंश सुटत नाही. हे मी माझ्या बॅचना करायला लावते आणि फरक पडतो.

दुसरी चूक लिहिण्यातली आहे. मुख्य वाचन २९१.५° आणि व्हर्निअरची बारावी रेघ जुळली, तर काही जण २९१.५ + १२ = ३०३.५ लिहितात, तर काही २९१.६२. बारा ही मिनिटे आहेत, अंशही नाहीत आणि शतांशही नाहीत. २९१°३०' + १२' = २९१°४२', असेच लिहा. पानभर दशांश चिन्ह आणूच नका.

अर्धा अंश सुटला आहे हे नंतर कसे ओळखायचे, ते प्रश्न १२ मध्ये आहे.

४. व्हर्निअरच्या दोन रेघा जुळल्यासारख्या दिसतात. कोणती घ्यायची?

भिंग आणि डोळा रेघेच्या बरोबर समोर आणा. तिरके पाहिले की शेजारची रेघ जुळल्यासारखी वाटते. तरीही दोन सारख्याच वाटल्या, तर दोघींच्या बाहेरच्या रेघा पाहा: एकीकडची मुख्य रेघेच्या जराशी अलीकडे आणि दुसरीकडची तेवढीच पलीकडे असेल, तर मधल्या दोघींतली कोणतीही घेतली तरी फरक फार तर एका मिनिटाचा. तीन-चार रेघा जुळल्यासारख्या दिसत असतील, तर बहुधा उजेड अपुरा आहे किंवा भिंगावर बोटाचा डाग आहे.

५. व्ही-२ चे वाचन व्ही-१ मध्ये १८० मिळवून लिहिले तर चालेल का? नाहीतरी ते तेवढेच येते.

चालणार नाही. ते बरोबर तेवढेच येत नाही, आणि जो थोडा फरक येतो त्यासाठीच दुसरा व्हर्निअर बसवलेला असतो.

भोवऱ्याची आर मधोमध नसेल तर भोवरा डुगत फिरतो. स्पेक्ट्रोमीटरच्या वर्तुळाकार पट्टीचेही तसेच आहे. पट्टीचे केंद्र आणि फिरण्याचा आस हे अगदी एकाच बिंदूवर कधी नसतात. पट्टीची त्रिज्या ९ सेंटिमीटर धरली आणि केंद्र ०.०५ मिलिमीटरने सरकलेले असले, तरी वाचनात साधारण २ मिनिटांचा फरक पडू शकतो. ०.०५ मिलिमीटर म्हणजे कागदापेक्षाही कमी. एका बाजूच्या व्हर्निअरवर ही चूक अधिक पडते तेव्हा समोरच्यावर तेवढीच उणे पडते, म्हणून दोन्ही खरोखर वाचून सरासरी घेतली की ती निघून जाते. १८० मिळवून लिहिले, तर व्ही-१ चीच चूक दोनदा लिहिली जाते आणि सरासरीला काही अर्थ उरत नाही.

मी शिकत असताना एकदा हेच केले होते. परीक्षकांनी काही न बोलता मला व्ही-२ वाचायला सांगितले. वहीपेक्षा ते ३ मिनिटांनी वेगळे निघाले. त्यांनी तो स्तंभ खोडला आणि प्रयोग पुन्हा करायला लावला. तो खोडलेला स्तंभ अजून डोळ्यांसमोर आहे, म्हणून हे उत्तर जरा लांबले.

६. लेव्हलिंगच्या आधी दुर्बीण फोकस करायची म्हणजे नेमके काय करायचे?

तीन कामे, याच क्रमाने. आयपीस आत-बाहेर करून क्रॉसवायर काळीभोर, रेखीव दिसेल असे करा. मग दुर्बीण खिडकीबाहेर लांबच्या वस्तूवर रोखा आणि बाजूची चकती फिरवून ती वस्तू स्पष्ट करा. डोळा जरा डावी-उजवीकडे हलवला तरी क्रॉसवायर त्या वस्तूवरून सरकता कामा नये. शेवटी दुर्बीण कोलिमेटरच्या सरळ रेषेत आणून फटीची प्रतिमा रेखीव होईपर्यंत कोलिमेटरची चकती फिरवा. दुर्बिणीच्या चकतीला आता हात लावायचा नाही.

लांबची वस्तू म्हणजे अर्धा किलोमीटर तरी लांबची: पाण्याची टाकी, मोबाइलचा टॉवर. आवारातले कडुनिंबाचे झाड जवळ पडते. आणि सोलापुरात एप्रिलच्या दुपारी दोन वाजता हे काम करू नका. तापलेल्या पत्र्यांवरून आणि डांबरावरून हवा थरथरत वर जाते, टॉवरच्या कडा वितळल्यासारख्या हलतात आणि रेखीव फोकस कुठला हे कळतच नाही. सकाळच्या बॅचला हे पाच मिनिटांत होते.

चष्मा असलेल्या जोडीदाराला प्रतिमा अस्पष्ट दिसली, तर त्याने फक्त आयपीस हलवावा. चकती हलवली तर सगळ्यांचे फोकस जाईल.

७. स्पिरिट लेव्हलचा बुडबुडा मधोमध आणला की लेव्हलिंग झाले ना?

अर्धे झाले. आधी ते अर्धे नीट करू. उपकरणाच्या पायाला तीन स्क्रू असतात. स्पिरिट लेव्हल त्यांतल्या दोन स्क्रूंना जोडणाऱ्या रेषेला समांतर ठेवा आणि ते दोन्ही स्क्रू एकाच वेळी उलट दिशांना फिरवा, म्हणजे दोन्ही अंगठे आत किंवा दोन्ही बाहेर. बुडबुडा मधोमध आला की लेव्हल काटकोनात फिरवा आणि फक्त तिसरा स्क्रू वापरा. दोन-तीन फेऱ्यांत काम होते. प्रिझम टेबललाही स्वतःचे तीन छोटे स्क्रू असतात, तिथेही हीच रीत.

लेव्हल स्वतः खरी आहे का, तेही पाहा. बुडबुडा मधोमध असताना लेव्हल उचलून टोकाला टोक उलटी ठेवा. बुडबुडा सरकला तर लेव्हलच चुकीची आहे. अशा वेळी सरकलेल्या अंतराचे निम्मेच स्क्रूने दुरुस्त करा. उन्हाळ्यात बुडबुडा आखूड दिसला तर घाबरू नका: उष्णतेने आतला द्रव प्रसरण पावतो आणि बुडबुडा लहान होतो. मार्चमधल्या आणि जानेवारीतल्या बुडबुड्याची लांबी सारखी नसते. त्याची दोन्ही टोके खुणांपासून सारख्या अंतरावर आहेत ना, एवढे पाहा.

उरलेले अर्धे असे. स्पिरिट लेव्हल जमिनीच्या संदर्भाने सपाटी सांगते, पण प्रयोगाला जमिनीशी देणेघेणे नाही. प्रिझमचे दोन्ही पृष्ठभाग दुर्बीण ज्या आसाभोवती फिरते त्या आसाला समांतर हवेत, ही खरी गरज. शिवाय प्रिझमचा तळ त्याच्या पृष्ठभागांशी अगदी काटकोनात घासलेला असेलच असे नाही. टेबल सपाट असूनही पृष्ठभाग कललेला राहू शकतो. म्हणून प्रकाशाने लेव्हलिंग करावे लागते.

८. प्रकाशाने लेव्हलिंग कसे करतात? कोणता स्क्रू फिरवायचा हे कधीच कळत नाही.

कळत नाही, कारण प्रिझम कसाही ठेवलेला असतो. तो ठरावीक पद्धतीने ठेवला की कोणता स्क्रू, हा प्रश्नच उरत नाही.

प्रिझम टेबलाच्या तीन स्क्रूंना १, २, ३ म्हणू. बहुतेक टेबलांवर १ आणि २ यांना जोडणाऱ्या रेषेला समांतर रेघा कोरलेल्या असतात. प्रिझमचा एक चकचकीत पृष्ठभाग, त्याला डावा म्हणू, या रेघांना काटकोनात येईल असा प्रिझम ठेवा. आता प्रिझम न हलवता टेबल फिरवून धार कोलिमेटरकडे आणा आणि टेबल पक्के करा.

डाव्या पृष्ठभागावरून आलेली प्रतिमा दुर्बिणीत घ्या. ती आडव्या क्रॉसवायरच्या वर किंवा खाली असेल. स्क्रू १ आणि २ उलट दिशांना थोडे फिरवून ती मधोमध आणा. मग दुर्बीण उजव्या प्रतिमेवर न्या. ती वर-खाली असेल तर आता फक्त स्क्रू ३ फिरवा.

मला यातले सौंदर्य इथे दिसते. स्क्रू ३ फिरवला की टेबल १-२ या रेषेभोवती कलते. डावा पृष्ठभाग त्या रेषेला काटकोनात आहे, म्हणून तो स्वतःच्याच पातळीत फिरतो, जसे दाराला समोरून लावलेले कडे दार न हलवता फिरते. त्यामुळे डावीकडे केलेली मेहनत उजवीकडची दुरुस्ती करताना वाया जात नाही. प्रिझम वाटेल तसा ठेवला की एक बाजू बसवताना दुसरी बिघडते आणि मुले अर्धा तास तीन स्क्रूंच्या मागे धावत राहतात.

शेवटी पुन्हा डावीकडे जाऊन पाहा. थोडासा फरक राहिला असेल तर आणखी एक फेरी.

९. प्रिझम टेबलाच्या मधोमध ठेवला तरी प्रतिमा अंधूक दिसते किंवा दिसतच नाही.

मधोमध प्रिझम नाही, प्रिझमची धार हवी. दुर्बीण टेबलाच्या केंद्राभोवती फिरते आणि नेहमी केंद्राकडेच पाहते. परावर्तन धारेजवळच्या भागातून होते. धार केंद्राच्या दोन-तीन सेंटिमीटर पुढे राहिली, तर परावर्तित झोत दुर्बिणीच्या तोंडाबाजूने निघून जातो. धार केंद्रावर किंवा केंद्राच्या अगदी किंचित पुढे ठेवा, घासलेली बाजू कोलिमेटरच्या विरुद्ध दिशेला राहील. प्रिझम उचलताना त्या घासलेल्या बाजूनेच धरा.

मग प्रतिमा आधी नुसत्या डोळ्याने शोधा. ६० अंशांच्या प्रिझमला ती सरळ रेषेपासून दोन्हीकडे साधारण ६० अंशांवर असते. डोळ्याला पृष्ठभागात पिवळी उभी रेघ दिसली की तिथे दुर्बीण आणा. दुर्बीण डोळ्याला लावून अंधारात गोल फिरवत शोधणे, यात फार वेळ जातो.

एक प्रतिमा ठळक आणि दुसरी फिकट असेल, तर धार झोताच्या मध्यावर नाही. प्रिझम फिकट प्रतिमेच्या विरुद्ध बाजूला किंचित सरकवला की त्या बाजूच्या पृष्ठभागावर जास्त प्रकाश पडतो. सरकवल्यावर प्रश्न ८ मधली तपासणी एकदा पुन्हा करा.

१०. मला तिसरी प्रतिमाही दिसते. खरी परावर्तित कोणती?

प्रिझममधून आरपार जाऊन वळलेला प्रकाशही बाहेर येतो. पाऱ्याच्या दिव्याखाली ओळखणे सोपे असते: वळलेल्या प्रकाशाचे जांभळा, हिरवा, पिवळा असे तुकडे पडतात, परावर्तित प्रतिमा मात्र एकच आणि दिव्याच्याच रंगाची राहते. सोडियमच्या दिव्यात दोन्ही पिवळ्याच असतात. तिथे कागदाचा तुकडा घेऊन ज्या पृष्ठभागावरचे परावर्तन तुम्ही पाहत आहात, त्याच्या समोरचा, म्हणजे दुसरा पृष्ठभाग झाका. परावर्तित प्रतिमा तशीच राहील, आरपार आलेली जाईल.

यातून आणखी एक प्रश्न सुटतो, तो म्हणजे या प्रयोगाला सोडियमचाच दिवा हवा का. परावर्तनात रंग वेगळे होत नाहीत, त्यामुळे साध्या पांढऱ्या दिव्यावरही A मोजता येतो. सोडियमचा दिवा असतो तो पुढच्या, किमान विचलनाच्या भागासाठी. तो लावल्यावर आधी तांबूस दिसतो आणि पूर्ण पिवळा व्हायला काही मिनिटे लागतात. तोवर फट रुंद करत बसू नका.

११. एक पूर्ण वाचन आकड्यांसह करून दाखवाल का? विशेषतः शून्य ओलांडले तर.

आमच्या एका प्रिझमचे वाचन देते. मुख्य घर ३०', लीस्ट काउंट १'. फट बारीक केली, टेबल पक्के केले. दुर्बीण डाव्या प्रतिमेवर आणून तिचा क्लॅम्प आवळला आणि टँजंट स्क्रूने उभी क्रॉसवायर प्रतिमेच्या मध्यावर आणली. क्लॅम्प न आवळता टँजंट स्क्रू फिरवला तर दुर्बीण हलत नाही, हा स्क्रू बिघडल्याचा पुरावा नाही.

डावी प्रतिमा:
व्ही-१: २९१°३०' + १२' = २९१°४२'
व्ही-२: १११°३०' + १४' = १११°४४'

उजवी प्रतिमा:
व्ही-१: ५१°०' + २८' = ५१°२८'
व्ही-२: २३१°३०' + ४' = २३१°३४'

व्ही-२ सरळ आहे: २३१°३४' − १११°४४'. ३४ मधून ४४ जात नाहीत, म्हणून एक अंश मोडून ६० मिनिटे घ्यायची, १०० नाही. २३०°९४' − १११°४४' = ११९°५०'.

व्ही-१ मध्ये २९१ वरून पुढे जाताना दुर्बिणीने ३६० ओलांडले आणि पट्टी पुन्हा शून्यापासून सुरू झाली. नुसती वजाबाकी केली तर २४०°१४' येते, आणि काही जण त्याचेच निम्मे करून १२०° चा प्रिझम जाहीर करतात. ओलांडलेल्या वाचनात ३६०° मिळवा: ४११°२८' − २९१°४२' = ११९°४६'.

दोन्हींची सरासरी ११९°४८', हा 2A. निम्मे करताना ११९ चे निम्मे ५९°३०' आणि ४८' चे निम्मे २४', म्हणून A = ५९°५४'.

शून्य ओलांडले की नाही हे आठवणीवर सोडू नका. दुर्बीण नेताना कोणता व्हर्निअर शून्यावरून गेला ते त्याच वेळी वहीत लिहा.

१२. व्ही-१ आणि व्ही-२ यांच्या 2A मध्ये किती फरक चालतो?

वरच्या उदाहरणात ४' आहे आणि तो पट्टीच्या केंद्रामुळे येतो (प्रश्न ५). १ मिनिट लीस्ट काउंटच्या उपकरणात एवढा फरक नेहमीचा आहे. फरक ३०' च्या आसपास असेल तर कुठेतरी अर्धा अंश सुटला. कुठे, तेही शोधता येते: प्रत्येक प्रतिमेसाठी व्ही-१ आणि व्ही-२ मधला फरक काढा. तो १८०° च्या चार-सहा मिनिटे इकडेतिकडे असायला हवा. आमच्या वाचनात तो डावीकडे १७९°५८' आणि उजवीकडे १८०°०६' आहे. जिथे १७९°३०' किंवा १८०°३०' च्या जवळ आला, तिथले वाचन चुकले. दुर्बीण अजून तिथेच पक्की असताना हा फरक काढला, तर लगेच पुन्हा वाचता येते. म्हणून मी पुढच्या प्रतिमेकडे जाण्याआधीच तो काढायला सांगते.

फरक १०' ते २०' असा मधलाच असेल तर एखादी व्हर्निअरची रेघ चुकीची वाचली, की एकाच प्रतिमेचे व्ही-१ आणि व्ही-२ वाचताना मध्येच दुर्बीण हलली, ते पाहा. व्ही-१ वाचून व्ही-२ कडे जाताना बाही लागून दुर्बीण थोडी फिरते. तशा वाचनाची दुरुस्ती करत बसू नका, दोन्ही बाजू नव्याने घ्या.

१३. प्रिझमवर ६०° लिहिले आहे आणि माझे उत्तर ५९°५४' आले. ६०° लिहू का?

लिहू नका. ६०° हे बनवणाऱ्याने ठरवलेले माप आहे, तुमच्या हातातल्या काचेचे नाही. कॉलेजच्या प्रिझमचा कोन काही मिनिटे कमी-जास्त असणे साहजिक आहे. तुमच्या चार वाचनांची प्रत्येकी चूक १' धरली, तरी A मध्ये सहा मिनिटांची चूक होत नाही, म्हणजे ५९°५४' आणि ६०° यांतला फरक तुमच्या हाताचा नसून बहुधा काचेचा आहे. पुढे अपवर्तनांक काढताना हाच मोजलेला A वापरायचा.

एकाच बाकावरच्या सगळ्या गटांचे उत्तर बरोबर ६०°०' आले, की मला वह्या पुन्हा तपासाव्याशा वाटतात.

१४. प्रिझम जरा तिरका बसला, दोन्ही प्रतिमा सारख्या कोनावर नाहीत. चालेल का?

चालेल. एकीकडचा α वाढला की दुसरीकडचा β तेवढाच कमी होतो, बेरीज A च राहते. डावी प्रतिमा सरळ रेषेपासून ५२° वर आणि उजवी ६८° वर असली, तरी 2A तोच.

यातच एक चांगली तपासणी आहे. टेबल पाच-सहा अंश फिरवून पुन्हा पक्के करा आणि सगळे वाचन नव्याने घ्या. A एक-दोन मिनिटांत तोच आला, तर निश्चिंत व्हा. पाच-सात मिनिटांनी बदलला, तर संशय आधी कोलिमेटरवर घ्या: झोत पूर्ण समांतर नसेल तर धारेची जागा बदलली की परावर्तित दिशाही बदलते. प्रश्न ६ पासून पुन्हा सुरू करा.

१५. प्रिझमची धार टवका उडून फुटली आहे. बदलून मागू का?

गरज नाही. आपण धार मोजत नाही, तिच्या दोन्ही बाजूंचे सपाट पृष्ठभाग मोजतो, आणि त्या पृष्ठभागांच्या दिशा टवक्याने बदलत नाहीत. फक्त तेवढ्या भागावरचा प्रकाश विखुरतो आणि प्रतिमा थोडी फिकी होते. प्रिझम किंचित पुढे सरकवून टवक्याच्या मागचा चांगला भाग झोतात आणा. पृष्ठभागावर लांब ओरखडे असतील किंवा प्रतिमेची एक कड पसरट दिसत असेल, तर मात्र बदलून घ्या.

१६. तिन्ही कोन मोजून बेरीज १८०° येते का हे पाहता येईल का?

तिन्ही पृष्ठभाग चकचकीत असलेला प्रिझम मिळाला, तर जरूर करा. मात्र प्रत्येक धार कोलिमेटरकडे आणताना प्रकाशाने लेव्हलिंग नव्याने करावे लागेल. बेरीज १८०° पासून तीन-चार मिनिटांपेक्षा जास्त सरकली, तर कुठल्यातरी कोनाचे वाचन किंवा लेव्हलिंग पुन्हा पाहावे लागेल. नेहमीच्या प्रिझमची एक बाजू घासलेली असते. त्या बाजूवरून फटीची रेखीव प्रतिमा येत नाही, म्हणून त्यावर या पद्धतीने एकच कोन मोजता येतो, तो म्हणजे घासलेल्या बाजूच्या समोरचा.